धुळ्याच्या खासदाराला मालेगाव का लागतं? (मतदारसंघांच्या रेषा आणि आपला खानदेश)

पांझराकाठ

मंडळी, परवा देवपुरात चहाच्या टपरीवर वाद झाला. तो अर्धवट राहिला म्हणून इथे आणतोय.

धुळे लोकसभा मतदारसंघात धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा हे आपले तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. बाकीचे तीन म्हणजे मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण. हे तिन्ही नाशिक जिल्ह्यातले. आपल्याच जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर मात्र नंदुरबारच्या खासदाराकडे. म्हणजे साक्रीचा माणूस कलेक्टरकडे धुळ्याला येतो आणि खासदार शोधायला नंदुरबारला जातो. बागलाणातल्या सटाण्याच्या माणसाचं याच्या बरोबर उलट.

टपरीवर एक जण म्हणाला, हे सगळं राजकारण आहे, कुणाला तरी पाडायला आखलंय. दुसरा म्हणाला, नाही रे, लोकसंख्येचं गणित असतं. गणित असेल तर ते मला करून पाहायचंय. कुणी मांडून दाखवेल का?

खानदेशी_तडका

यात मांडायचं काय? सत्तेत जो असतो तो रेषा ओढतो. २०२४ चा निकाल आठवा. पाचही विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे, एकट्या मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसला इतकी आघाडी की सगळं फिरलं. फरक किती? ३,८३१ मतं. मालेगाव जोडलंच त्यासाठी. आणि हे मतदारांच्या संख्येवर ठरतं, जिथे मतदार जास्त तिथे जागा जास्त. बस.

नकाशेवाला

तडकाभाऊ, तुमच्या पोस्टमध्ये निकालाचा आकडा बरोबर आहे, बाकी बरंच दुरुस्त करावं लागेल. मी निवडणूक शाखेत बावीस वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

आधी जागा कशावर ठरतात ते. मतदारांवर नाही, लोकसंख्येवर. जनगणनेतलं प्रत्येक डोकं मोजलं जातं, पाळण्यातलं पोरसुद्धा. सध्याच्या रेषा २००१ च्या जनगणनेवरून आखल्या गेल्या. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग होता, रेषा २००८ मध्ये लागू झाल्या आणि २००९ ची लोकसभा आपण त्यांवर पहिल्यांदा लढली. त्याआधीच्या रेषा १९७१ च्या लोकसंख्येवर होत्या. तेव्हा जळगाव जिल्ह्यात एरंडोल नावाचा लोकसभा मतदारसंघ होता आणि रावेर नावाचा नव्हता, हे इथल्या तरुण पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. धुळे तेव्हा अनुसूचित जमातीसाठी राखीव होतं.

आता पांझराकाठ यांचं गणित. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या साधारण ९ कोटी ६९ लाख. आमदार २८८. भागाकार केला की एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार. या मापाने जिल्हे मोजा. नंदुरबार १३.१२ लाख, म्हणजे ३.९०. धुळे १७.०८ लाख, म्हणजे ५.०८. जळगाव ३६.८३ लाख, म्हणजे १०.९५. तिन्ही ठिकाणी आकडा पूर्णांकाला जवळजवळ चिकटलेला आहे. म्हणून चार, पाच आणि अकरा. खानदेशाचे वीस आमदार असे आले. यात कुणाला हात घालायला जागाच नव्हती. सगळ्यांचं इतकं सरळ जुळत नाही. पुणे जिल्हा त्याच मापाने साडेएकवीसच्या काठावर होता आणि त्याला एकवीसच मिळाल्या. सगळ्यांची बेरीज २८८ च्या वर जाऊन चालत नाही, कुणाचा तरी अपूर्णांक खाली बसतोच.

विधानसभेची रेषा जिल्हा ओलांडत नाही. लोकसभेची ओलांडते. खरी गंमत तिथे सुरू होते. ती जेवण झाल्यावर लिहितो.

कापूसकोंड्या

अगदी बरोबर विषय काढला. आमचं गाव आधी ज्या गटात होतं तिथून काढून पार नाल्यापलीकडच्या गटात टाकलं. प्रारूप लागलं तेव्हा आम्ही हरकत घेतली, सुनावणीला ट्रॅक्टर भरून माणसं नेली, पाच मिनिटांत बाहेर. पूर्वीचा सदस्य हाकेच्या अंतरावर होता. आता कोणाला सांगायचं?

पांझराकाठ

कापूसकोंड्या भाऊ, ते जिल्हा परिषदेच्या गटाचं. मी लोकसभा-विधानसभेबद्दल विचारतोय. दोन्हीची यंत्रणा वेगळी.

कापूसकोंड्या

रेषा ती रेषाच ना भो.

नकाशेवाला

जेवण झालं. (कापूसकोंड्या, तुमची तक्रार खरी असेल, पण गटांची रचना जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर तयार होते आणि दर खेपेला बदलू शकते. मी ज्याबद्दल बोलतोय त्या रेषा २००८ पासून हललेल्या नाहीत.)

महाराष्ट्राचे खासदार ४८ आणि आमदार २८८. म्हणजे एका खासदाराखाली सहा आमदारांचे मतदारसंघ. आता वहीत नकाशा काढा आणि वायव्येकडून सुरुवात करा. आयोगही क्रमांक देताना तिकडूनच सुरू करतो. म्हणून नंदुरबार हा लोकसभेचा क्रमांक १ आणि अक्कलकुवा विधानसभेचा क्रमांक १.

नंदुरबारकडे चार आहेत, हवेत सहा. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. महाराष्ट्रातला शेजारी फक्त धुळे. तेव्हा दोन धुळ्याकडूनच घ्यावे लागतात, दुसरी वाट नाही. धुळ्याच्या पाचातून दोन गेले, राहिले तीन. आता धुळ्याला तीन हवेत. मागायचे कुणाकडून? जळगावकडे अकरा आहेत. त्यातले तीन घेतले तर तिथे आठ उरतात, म्हणजे एक पूर्ण खासदार आणि वर दोन लोंबकळणारे. नाशिककडे पंधरा आहेत. पंधरातून दोन खासदारांचे बारा वजा करा, तीन उरतात. धुळ्याला नेमके तीनच हवे होते.

जळगावला अकरा आहेत, दोन खासदारांसाठी बारा हवेत, एक कमी. शेजारच्या बुलढाण्याकडे सात, त्यांना सहा पुरतात, एक जास्त. तो एक म्हणजे मलकापूर, रावेर मतदारसंघात आला. खानदेशाचे वीस, नाशिकचे तीन आणि मलकापूर मिळून चोवीस. सहा चोक चोवीस, चार खासदार.

म्हणजे नाशिककडून तीन येणं हे गणित होतं. त्यात मालेगाव येणं हेही जवळजवळ भूगोलच आहे. धुळ्याला लागून नाशिकचं जे आहे ते बागलाण आणि मालेगावच. एकाच शहराचे दोन मतदारसंघ दोन खासदारांत वाटून टाकणं लोकांच्या सोयीच्या दृष्टीने पटवून देणं अवघड.

तडकाभाऊंसाठी एक गोष्ट. याच रेषांवर २००९, २०१४ आणि २०१९ अशा तिन्ही वेळा धुळ्यातून भाजप निवडून आला. चौथ्या वेळी काँग्रेस. रेषा एकच, निकाल दोन प्रकारचे. २००१ ची डोकी मोजून २०२४ चा निकाल आधीच लिहिता येत असता तर आम्ही निवडणूक शाखेवाले कधीच श्रीमंत झालो असतो.

खानदेशी_तडका

बरं, मालेगावचं मान्य. पण मग सगळं गणितच म्हणायचं का? निवड कुठेच नाही? मंत्र्यांचा हात नसतो म्हणता?

नकाशेवाला

निवड आहे. ती लोक जिथे शोधतात तिथे नसते, एवढंच.

हाताचं म्हणाल, तर आयोगासोबत प्रत्येक राज्यातले दहा लोकप्रतिनिधी सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पाच खासदार आणि पाच आमदार. ते बोलू शकतात, लेखी असहमती देऊ शकतात, पण त्यांना मत नाही. बोलण्याचा परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. मत नाही एवढंच म्हणतो.

आता निवड कुठे होती ते बघा. नंदुरबारला धुळ्याचे दोन द्यायचे होते. नंदुरबारला लागून तीन आहेत: साक्री, शिंदखेडा आणि शिरपूर. यातले कोणते दोन? शिरपूर तापीपलीकडे आहे. ते धुळ्याकडे ठेवायचं तर शिंदखेडाही ठेवावं लागतं, नाहीतर शिरपूर तुटून पडतं. म्हणजे साक्री आणि शिंदखेडा देऊन शिरपूर ठेवणं जमत नाही. उरल्या दोन वाटा. साक्री आणि शिरपूर द्या, किंवा शिरपूर आणि शिंदखेडा देऊन साक्री धुळ्याकडे ठेवा. नकाशावर दुसरी वाटही बसते. साक्री धुळे तालुक्याला लागून आहे, बागलाणला लागून आहे, सुरत-धुळे रस्ता तिथूनच जातो.

आयोगाने पहिली वाट घेतली. साक्री आणि शिरपूर दोन्ही अनुसूचित जमातीसाठी राखीव. त्यामुळे नंदुरबार लोकसभेतले सहाच्या सहा विधानसभा मतदारसंघ राखीव झाले आणि धुळ्याकडे एकच राखीव उरला, बागलाण. दुसरी वाट घेतली असती तरी नंदुरबार राखीवच राहिलं असतं, कारण राज्यात ज्या जागांवर आदिवासी लोकसंख्येचं प्रमाण सगळ्यात जास्त त्याच लोकसभेसाठी राखीव होतात आणि नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. फरक धुळ्यात पडला असता. धुळ्याच्या खासदाराला साक्रीच्या आदिवासी पाड्यांवर मत मागायला जावं लागलं असतं. आज जावं लागत नाही.

आदिवासी समाजाने एका जागेवर भक्कम असावं की दोन जागांवर वजनदार असावं, या प्रश्नाला मला आजवर एक उत्तर सापडलेलं नाही.

गुरुजी_धडगाव

नकाशेवाले साहेब, मांडणी आवडली. पण तुमचं सगळं गणित ज्या आकड्यावर उभं आहे, तो आकडा गोळा करणारा मी. २०११ ला प्रगणक होतो. आता थोडं त्या आकड्याबद्दल.

माझ्याकडे धडगाव तालुक्यातले दोन पाडे होते. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. एक पाडा डोंगराच्या धारेवर, जायला सकाळचे तीन तास. पोहोचलो तर पहिल्या सात घरांपैकी चार बंद. कुडाच्या दाराला सुतळी बांधलेली. एक म्हातारी अंगणात महुवाची जागा झाडत होती. म्हटलं, आजी, माणसं कुठे गेली? म्हणाली, तोडीला. दिवाळीनंतर मुकादम उचल देऊन जातो आणि टोळी ट्रकमध्ये चढते. कुणी बारडोलीकडे, कुणी आणखी खाली. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि सोबत लहान पोरं. परत येतात होळीच्या आसपास किंवा त्याहून उशिरा.

आता नियम बघा. वीस दिवसांत माणूस एक दिवस जरी घरी आला किंवा २८ तारखेच्या आत येणार असेल, तर त्याला घरी मोजायचं. पूर्ण वीस दिवस बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे ती चार घरं माझ्या यादीत रिकामी गेली. कारखान्याजवळच्या कोप्यांत त्यांना कुणी मोजलं असेल तर ती माणसं गुजरातच्या लोकसंख्येत गेली. मोजलं नसेल तर कुठेच गेली नाहीत.

मत मात्र त्यांचं धडगावलाच, म्हणजे अक्कलकुवा मतदारसंघात. निवडणुकीला मुकादमाच्या गाडीने येतात, मतदान करून परत जातात. मतदार अक्कलकुव्याचा आणि लोकसंख्या बारडोलीची, अशी ही माणसं आहेत.

पांझराकाठ

गुरुजी, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण याने खरंच फरक पडतो का? चार घरांनी आमदार वाढत नाही.

नकाशेवाला

चार घरांनी नाही. पण गुरुजींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. हिशोब करून बघू.

२०११ ला राज्य ११.२४ कोटी. आमदार तेवढेच धरले तर एकामागे ३ लाख ९० हजार. नंदुरबार १६.४८ लाख झालं होतं, म्हणजे ४.२२. धुळे ५.२६. जळगाव ४२.३० लाख, म्हणजे १०.८४. या दहा वर्षांत नंदुरबार पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढलं, जळगाव पंधराच्या आसपास, राज्य सोळा. म्हणून जळगावचा वाटा किंचित घसरला आणि नंदुरबारचा चढला.

नंदुरबारला पाचवा आमदार मिळायचा तर ४.५ ओलांडायला हवं. म्हणजे १७.५६ लाख. २०११ च्या आकड्यात कमी पडले साधारण १ लाख ८ हजार. फेब्रुवारीत जिल्ह्याबाहेर असलेली माणसं किती, याचा आकडा माझ्याकडे नाही आणि मी अंदाजाने फेकणार नाही. पण पाचव्या आमदारापासूनचं अंतर लाखाच्या मापाचं होतं, कोटीच्या नाही, हे लक्षात घ्या. जिल्हा काठावर असेल तेव्हा कुलूपबंद पाडे जागा ठरवू शकतात. काठावर नसेल तेव्हा काहीच होत नाही.

आणि जागा वाढली नाही तरी जिल्ह्याच्या आत रेषा सरकते. आयोगाने सरासरीच्या दहा टक्के वर-खाली चालवून घेतलं होतं. अक्कलकुवा-अक्राणीची माणसं मोजणीत कमी दिसली, तर तो मतदारसंघ भरण्यासाठी खालची, सपाटीवरची गावं त्याला जोडावी लागतात. डोंगराचा मतदारसंघ तेवढा पातळ होतो.

उधना_ते_अमळनेर

मी सुरतहून. आम्ही उसाला नाही गेलो, पण गेलो खरं. वडील १९८६ ला अमळनेरहून उधन्याला आले, लूमवर लागले. आता माझी स्वतःची छोटी एम्ब्रॉयडरी मशीन आहे. आमच्या गल्लीत अहिराणीच चालते. पानवाल्यापासून शाळेच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळे आपले. लिंबायत, उधना, पांडेसरा फिरून बघा. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच.

माझा प्रश्न साधा आहे. माझं मत अजून अमळनेरला आहे. राशन इथे, पोरं इथे, जनगणनेत मोजला गेलो इथे. म्हणजे मी गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे चुकीचा का?

गुरुजी_धडगाव

भाऊ, तुमची आणि तोडीवाल्यांची गोष्ट एक नाही. तुम्ही इथून गेलात आणि तिथेच राहिलात. तुम्हाला सुरतेत मोजणं बरोबरच आहे. तुमची शाळा, पाणी, रस्ता सगळं तिथलं. तोडीवाला सहा महिन्यांनी परत येतो, त्याचं राशन, जमीन, ग्रामसभा इथली. पण जनगणनेच्या फेब्रुवारीत तुम्ही दोघं एकसारखेच दिसता.

अॅड_रेवा

उधनाभाऊ, कायद्याने बोलायचं तर तुम्ही जिथे सर्वसाधारणपणे राहता तिथेच तुमचं नाव मतदार यादीत हवं, आणि दोन ठिकाणी तर अजिबात नको. गावाकडे घर किंवा शेत आहे एवढ्यावर नाव तिथे राहत नाही. आमच्याकडे पक्षकार हे ऐकून हसतात, पण नियम तो आहे.

उधना_ते_अमळनेर

ताई, नियम कळला. पण अमळनेरला मत आहे म्हणून आमदाराचा माणूस दिवाळीला फोन तरी करतो. इथे कोण करतं?

मीनाक्षी_ठाणे

मी खानदेशातली नाही, माहेर चाळीसगाव एवढाच संबंध. पण तुमचं सगळं वाचून मला थोडं हसू आलं. तुमच्या जळगावला २०११ च्या हिशोबाने एका आमदारामागे ३.८५ लाख लोक. आमच्या ठाणे जिल्ह्यात (तेव्हा पालघर त्यातच होतं) चोवीस आमदार आणि लोकसंख्या १ कोटी १० लाख. एका आमदारामागे ४ लाख ६० हजार. आणि मुंबई शहर जिल्ह्यात दहा आमदार, एकामागे ३ लाख ८ हजार. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या दोन माणसांच्या मताला जेवढं वजन, तेवढं मिळवायला आम्हाला तीन माणसं लागतात. खानदेशावर अन्याय झालाय असं मला यात दिसत नाही.

नकाशेवाला

ताईंचं बरोबर आहे. मुंबई शहराला दहा मिळाल्या तेव्हा त्या रास्त होत्या, २००१ ला हिशोब ९.९ येत होता. दहा वर्षांत तिथली लोकसंख्या कमी झाली, २०११ च्या मापाने आठही पुरतात. ठाण्याचा हिशोब चोवीसवरून अठ्ठावीसवर गेला. रेषा आखल्या त्या दिवशी चुकीच्या नव्हत्या. माणसं हलली, रेषा जागच्या जागी राहिल्या. जिथे माणसं गेली तिथलं मत हलकं झालं.

त्यामुळे पुढच्या खेपेला आमदारांची एकूण संख्या २८८ च ठेवली, तर ठाण्या-पुण्याच्या वाढीव जागा कुठून तरी जातीलच. जळगावचा वाटा १०.५ च्या खाली गेला तर अकराचे दहा होऊ शकतात. २०११ ला तो १०.८४ होता. एकूण संख्या वाढवली तर हे सगळं गणित नव्याने मांडावं लागेल. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे, आकडे आल्याशिवाय मी यापुढे बोलणार नाही.

सावदेकर

माझं गाऱ्हाणं मांडू द्या, विषयाला धरूनच आहे.

आमचं सावदा. तालुका रावेर. सात-बारा, दाखले, तहसील, सगळं रावेरला. आमदार मुक्ताईनगरचा. खासदार पुन्हा रावेरचा. मागे केळीचं वादळात नुकसान झालं, पंचनाम्याच्या विषयाला तहसीलला गेलो. तिथे बैठकीत रावेरचे आमदार बसलेले. मी बोलायला उठलो तर कुणीतरी हळूच म्हणालं, तुम्ही तिकडचे ना? तिकडचे म्हणजे कुठचे? घरापासून तहसील काही किलोमीटर आणि मी तिकडचा!

कायद्यात प्रशासकीय सीमा बघा असं लिहिलंय ना? मग तालुका का तोडला?

नकाशेवाला

सावदेकर, लिहिलंय, पण एकटं ते लिहिलेलं नाही. भूगोल, सलग क्षेत्र, प्रशासकीय सीमा, दळणवळण, लोकांची सोय, सगळं बघायचं असं म्हटलंय, आणि लोकसंख्या तर जुळवायचीच. मुक्ताईनगर आणि बोदवड हे दोन्ही छोटे तालुके. दोन्ही मिळून ३ लाख ३६ हजारांच्या जवळ जात नाहीत. भर हवी होती, ती शेजारच्या मोठ्या तालुक्यातूनच येणार. तिकडे रावेरला जे कमी पडलं ते यावलमधून घेतलं, यावलचा पश्चिमेकडचा भाग चोपड्याला गेला. एकाला ओढलं की शेजारचा सरकतो, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला ढकलायचं. यावल नावाचा मतदारसंघ त्या ढकलाढकलीत नकाशावरून गेला.

शक्यतो गाव तोडायचं नाही, मंडळ तोडायचं नाही, हे पाळलं जातं. तालुका तुटतो. तुमच्या सभेतल्या त्या माणसाचं वागणं मात्र आयोगाच्या खात्यावर टाकू नका.

सावदेकर

ते वागणं रेषेमुळेच आलं हो.

अॅड_रेवा

सावदेकरांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पुढची पोस्ट तीच येणार. कोर्टात जाता येतं का?

आयोगाचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ येतं आणि संविधानाच्या ३२९ व्या कलमामुळे न्यायालयं त्यात हात घालत नाहीत. १९६६ पासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका. कारणही व्यवहारी आहे. प्रत्येक सावदा कोर्टात गेलं तर निवडणूक कधी घ्यायची? पण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी फट ठेवली. आदेश उघडउघड मनमानी असेल, संविधानाच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर न्यायालय बघू शकतं, असं म्हटलं. ते प्रकरण गुजरातच्या बारडोली मतदारसंघाच्या आरक्षणाचं होतं. हो, तेच बारडोली, जिथे गुरुजींचे तोडीवाले जातात.

तालुका तोडला एवढ्याने मनमानी सिद्ध होत नाही, हे माझं मत. खरी संधी आदेशाच्या आधी असते. आयोग प्रस्ताव प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर बैठक घेतो. तिथे "आमच्यावर अन्याय" असं लिहिलेला कागद कुणी वाचत नाही. हे मंडळ इकडे घ्या, बदल्यात ते मंडळ तिकडे द्या, दोन्हीकडची लोकसंख्या अशी आणि अशी राहते, असा कागद वाचावाच लागतो.

कापूसकोंड्या

ट्रॅक्टरऐवजी कॅल्क्युलेटर न्यायला हवा होता म्हणायचं.

अॅड_रेवा

तुमचा गटाचा विषय वेगळा, पण हो.

खानदेशी_तडका

मी सुरुवातीला जे म्हणालो त्यातलं मालेगावचं मागे घेतो. साक्रीचं मात्र मला अजून खटकतंय. आयोगाने दोन वाटांतून एक निवडली, तिचं कारण कुठे लिहिलंय का?

नकाशेवाला

माझ्या हाती आलेल्या कागदांत अंतिम यादी आहे, कारणमीमांसा नाही. सोयीचं म्हणाल तर साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांना नवापूर जवळ आहे, हे खरं. दहिवेलच्या माणसाला विचारा, तो बाजाराला कुठे जातो. पण साक्री गावातल्या माणसाला विचाराल तर तो धुळे म्हणेल.

पांझराकाठ

माझा मामा साक्रीचा. काल फोनवर विचारलं, मामा, तुमचा खासदार कुठला बरा, धुळ्याचा की नंदुरबारचा? म्हणाला, "भाचा, पह्यले पाणी कोन आनी दी ते सांग."

गुरुजी_धडगाव

मामांचं खरं शे.

एक राहिलं. बर्फाळ भागासाठी जनगणनेची तारीख वेगळी असते. काश्मीर, लडाख, हिमाचलच्या वरच्या गावांत मोजणी आधीच्या सप्टेंबरमध्ये उरकतात, कारण फेब्रुवारीत तिथे पोहोचता येत नाही. आमच्या पाड्यांवर फेब्रुवारीत पोहोचता येतं, फक्त माणूस नसतो. त्यासाठी वेगळी तारीख नाही. मी २०११ ला अहवालात बंद घरांची संख्या लिहिली होती आणि पेन्सिलने बाजूला "तोडीला" असं टिपलं होतं. पर्यवेक्षक म्हणाले, तो रकाना नाही गुरुजी. खोडलं.

या वेळी मी निवृत्त आहे. माझ्या जागी जी मुलगी जाईल तिला एवढंच सांगितलंय, म्हातारीला विचार की २८ तारखेच्या आत कुणी येणार आहे का. कधीकधी एखादं लग्न असतं, त्या निमित्ताने माणूस दोन दिवस येऊन जातो. तो आला तर तो इथला.

उधना_ते_अमळनेर

गुरुजी, एक शंका. फेब्रुवारी २०२७ ला माझ्या पुतण्याचं लग्न अमळनेरला धरलंय. आम्ही आठ दिवस तिथेच. मग मला अमळनेरला मोजणार का?

गुरुजी_धडगाव

नियम मागच्यासारखेच राहिले तर नाही. उरलेले दिवस तुम्ही सुरतेत असणार आणि घर तिथलं. अमळनेरच्या पोरीने विचारलं तर उधनाच सांगा. आणि ते मतदार यादीचं ताईंनी सांगितलेलंही करून टाका.

उधना_ते_अमळनेर

लग्न होऊ द्या मग बघू.